विश्लेषण : दिल्लीत जीपीएस भरकटले तेव्हा… विमाने जमिनीवरच्या बीकनवरून उपग्रहांवर कशी आली आणि जुने बीकन अजून का हवेत?

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीकडे येणाऱ्या काही विमानांच्या वैमानिकांनी एक विचित्र तक्रार नोंदवली. विमान जिथे होते, तिथे ते असल्याचे जीपीएस दाखवत नव्हते. कोणीतरी जमिनीवरून खोटे उपग्रह संकेत सोडत होते आणि विमानातील उपकरणे त्यांना खरे मानत होती. याला ‘स्पूफिंग’ म्हणतात. काही विमाने त्या दिवसांत जयपूरकडे वळवावी लागली. पुढे १ डिसेंबर रोजी नागरी विमान वाहतूक मंत्री के. राममोहन नायडू यांनी संसदेत हे मान्य केले. दिल्लीत धावपट्टी १० कडे जीपीएस आधारित पद्धतीने उतरताना काही विमानांना स्पूफिंगचा अनुभव आला, आणि असा हस्तक्षेप मुंबई, कोलकाता, अमृतसर, हैदराबाद, बेंगळूरु, चेन्नई येथूनही नोंदवला गेला आहे, असे त्यांनी सांगितले.

त्याच आठवड्यात दिल्लीत शेकडो उड्डाणे रखडली होती, ते प्रकरण वेगळे. तो हवाई वाहतूक नियंत्रणाच्या संदेश पाठवणाऱ्या संगणक यंत्रणेतील बिघाड होता. समाजमाध्यमांवर दोन्हींची सरमिसळ झाली आणि अजूनही होते.

स्पूफिंगच्या बातमीत एक तपशील मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटला. फटका धावपट्टी १० कडे येणाऱ्यांनाच का बसला? विमानाला उतरण्याची रेषा दाखवणारी जमिनीवरची रेडिओ यंत्रणा, म्हणजे आयएलएस, तेव्हा तिथे उपलब्ध नव्हती. हिवाळ्यातील धुक्यापूर्वी ती अद्ययावत करण्याचे काम सुरू होते. वारा पूर्वेकडून वाहू लागला की विमानांना द्वारकेच्या बाजूने येऊन पूर्वेकडे तोंड करून उतरावे लागते. आयएलएस नसल्याने तिथे उरला होता उपग्रहांवर चालणारा मार्ग. एरवी तो पुरेसा असतो. त्या आठवड्यात नव्हता.

बीकन काय सांगायचे?

गेली अनेक दशके विमाने जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांच्या आधाराने उडत आली. त्यातले सर्वात साधे केंद्र म्हणजे एनडीबी. हा एक मनोरा, जो सर्व दिशांना एकच संकेत सोडत राहतो. विमानातील सुई त्याच्याकडे वळते, बस. त्याच्या लहरी रेडिओच्या मध्यमलहरींच्या शेजारच्याच. त्यामुळे ही सुई मध्यमलहरींवरच्या एखाद्या साध्या रेडिओ केंद्राकडेही वळवता येते आणि पूर्वी वैमानिक तसे करतही. पण याच कारणाने जवळ वादळ असेल तर सुई विजेकडे वळते. म्हणजे ज्या हवेत बीकनची सर्वाधिक गरज, त्याच हवेत ते सर्वात कमी भरवशाचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले व्हीओआर त्याहून बरेच सरस. हे केंद्र विमानाला सांगते, ‘तू माझ्यापासून अमुक अंशाच्या रेषेवर आहेस.’ सोबत डीएमई नावाचे उपकरण असेल तर अंतरही कळते. विमान एक स्पंदन पाठवते, जमिनीवरचे केंद्र त्याला उत्तर देते आणि जाऊन-येऊन लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते.

व्हीओआरची खरी अडचण भूमितीची आहे. त्याची चूक अंशांत असते आणि अंशांतली चूक अंतराबरोबर पसरत जाते. केंद्रापासून ६० सागरी मैलांवर एक अंश चुकला, तर विमान सुमारे एक सागरी मैल, म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर बाजूला असते. म्हणून हवाई मार्ग एका व्हीओआरवरून दुसऱ्या व्हीओआरवर जाणारे, नागमोडी आणि रुंद आखले जात. अंतर वाचवायचे तर सरळ जायला हवे, पण सरळ रेषेवर केंद्र नसेल तर वैमानिक काय धरून उडणार?

उतरताना हीच अडचण जास्त बोचते. व्हीओआर किंवा एनडीबी विमानतळाच्या आवारात जिथे जागा मिळाली तिथे उभे असते, धावपट्टीच्या नेमक्या रेषेत नाही. त्यामुळे त्याच्या आधाराने येणारे विमान बऱ्याचदा तिरके येते आणि ढगातून बाहेर पडल्यावर धावपट्टीकडे वळते. तेवढे वळायला उंची लागते. म्हणून वैमानिकाला धावपट्टी बऱ्यापैकी वरूनच दिसावी लागते. ढग त्याहून खाली असतील, तर विमान पुन्हा वर.

आरनॅवने काय बदलले?

आरनॅव म्हणजे ‘एरिया नेव्हिगेशन’. त्यामागची कल्पना सोपी आहे. केंद्राकडे किंवा केंद्रापासून उडण्याऐवजी विमानातील संगणकाने आपली जागा अक्षांश-रेखांशात काढायची आणि हवेतल्या एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे जायचे. हे बिंदू म्हणजे वेपॉइंट. त्यांना बहुधा पाच अक्षरी नावे असतात आणि खाली जमिनीवर काहीही नसते. खाली शेत असेल, समुद्र असेल, डोंगर असेल. बिंदूला फरक पडत नाही.

आरनॅव आणि जीपीएस एकच, असा समज आहे, तो बरोबर नाही. आरनॅव जीपीएसच्या आधीपासून आहे. तेव्हा संगणक दोन-तीन डीएमई केंद्रांपासूनची अंतरे घेऊन जागा काढत असे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. जीपीएसने एवढेच केले की जागा कुठेही, अगदी महासागरावरही, सारख्याच अचूकतेने कळू लागली. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि त्यानंतर या बदलाने वेग घेतला.

उतरण्याच्या मार्गाला आज आरएनपी म्हणतात. जुन्या चार्टवर त्याचेच नाव आरनॅव असे छापलेले असे. दोन्हींत नावापलीकडे एक फरक आहे. आरएनपीमध्ये उपकरणाने स्वतःवर नजर ठेवायची असते आणि ठरलेली अचूकता राखता येत नसेल तर वैमानिकाला तसे सांगायचे असते. शेवटच्या टप्प्यात ही मर्यादा ०.३ सागरी मैल, म्हणजे सुमारे ५५० मीटर असते. प्रत्यक्षातली चूक बहुतेक वेळा याहून खूप कमी असते, पण डोंगर, मनोरे आणि इमारती किती दूर हव्यात याचा हिशोब या मर्यादेवरून केला जातो.

वैमानिक हा मार्ग बिंदू टाइप करून तयार करत नाही. दर २८ दिवसांनी बदलणाऱ्या डेटाबेसमधून तो अख्खा उचलायचा असतो आणि चार्टशी ताडून पाहायचा असतो. मग विमान धावपट्टीच्या रेषेत सरळ येते आणि साधारण तीन अंशांच्या उताराने, म्हणजे दर सागरी मैलाला तीनशे-सव्वातीनशे फूट उतरते. एनडीबीच्या सुईमागे तिरके येऊन शेवटी वळणाऱ्या विमानाशी याची तुलना केली, तर वैमानिकांना हे का आवडले ते वेगळे सांगावे लागत नाही.

किशनगढचे उदाहरण

२८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे एक एटीआर-७२ विमान राजस्थानातील अजमेरजवळच्या किशनगढ विमानतळावर उतरले. या उतरण्याला बातमीमूल्य होते, कारण ते ‘गगन’च्या मदतीने झाले होते. गगन ही भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी उभारलेली यंत्रणा. देशात पसरलेली संदर्भ केंद्रे जीपीएसची चूक सतत मोजतात, ती दुरुस्ती भारताच्या भूस्थिर उपग्रहांकडे जाते आणि तिथून विमानांना मिळते. भारतात याची गरज जास्त आहे. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात खूप उलथापालथ होते आणि त्यातून येताना उपग्रहाचा संकेत रेंगाळतो.

साध्या जीपीएसवर विमान डावीकडे आहे की उजवीकडे हे चांगले कळते, पण उंची तेवढ्या भरवशाने कळत नाही. गगनमुळे उंचीचीही खात्री मिळते. त्यामुळे विमानाला आयएलएससारखीच उतरती रेषा दिसते, तीही जमिनीवर एकही अँटेना न बसवता.

यातल्या ‘एकही अँटेना न बसवता’ला मोठा अर्थ आहे. आयएलएस बसवायची म्हणजे धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक अँटेनांची रांग आणि विमान टेकते त्या जागेच्या बाजूला दुसरा मनोरा. समोरची जमीन बऱ्यापैकी सपाट हवी, कारण संकेत तिच्यावरून परावर्तित होतो. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी उतरायचे तर दोन संच. शिवाय ठरावीक काळाने खास विमान उडवून तपासणी करावी लागते. दिवसाला दोन-चार विमाने येणाऱ्या छोट्या विमानतळाला हा खर्च परवडत नाही. त्यांच्यासाठी आरएनपी मार्ग म्हणजे सर्वेक्षण, आखणी, तपासणी आणि एक छापील चार्ट. मग जुना एनडीबी बिघडला की तो दुरुस्त करण्यापेक्षा बंद करणेच सोपे ठरते. जगभर बीकन बहुतांशी असेच गेले, हळूहळू आणि गाजावाजा न होता.

मग बिघडते कुठे?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला संकेत जमिनीपर्यंत येताना इतका क्षीण होतो की तो आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाखाली दबलेला असतो. उपकरण संकेताचा नमुना आधीच ओळखते म्हणून तो शोधून काढता येतो. याउलट व्हीओआर, डीएमई, आयएलएस ही केंद्रे काही किलोमीटर ते काहीशे किलोमीटरवर असतात आणि त्यांचा आवाज दणदणीत असतो. त्यांना दाबायला तसाच ताकदवान प्रक्षेपक लागतो. जीपीएस दाबायला छोटेसे यंत्रही पुरते.

हस्तक्षेप दोन प्रकारचा असतो. ‘जॅमिंग’मध्ये गोंगाट करून संकेत बुडवला जातो. उपकरण सांगते की जीपीएस नाही, आणि वैमानिकाला निदान ते कळते. स्पूफिंगमध्ये उपकरणाला खोटी पण सुसंगत उत्तरे मिळतात, त्यामुळे ते आत्मविश्वासाने चुकते.

विमानात यावर पहारा नाही का? आहे. उपकरण जागा काढण्यासाठी लागणाऱ्या चार उपग्रहांपेक्षा जास्त उपग्रह वापरते आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी ताडते. पाच असतील तर कोणीतरी चुकतोय हे कळते, सहा असतील तर कोण चुकतोय तेही कळते. पण ही पद्धत एखादा उपग्रह बिघडला तर पकडण्यासाठी बनवली गेली. सगळे ‘साक्षीदार’ एकाच माणसाने पढवलेले असतील, तर त्यांच्या जबानीत विसंगती सापडणार नाही. स्पूफिंगमध्ये नेमके तेच होते.

‘आपल्याकडे गगन आहे, मग भीती कसली’ हा युक्तिवादही इथे टिकत नाही. गगन जीपीएसच्या त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलते आणि खऱ्या जीपीएस संकेतातली चूक सुधारते. संकेत मुळात खरा आहे की नाही, हे ते ठरवत नाही.

वैमानिकाला मग कळते कसे? खुणा बारीकसारीक असतात. कॉकपिटमधले घड्याळ अचानक पुढे किंवा मागे जाते, कारण तेही जीपीएसवरून वेळ घेते. हवेत काहीच बदललेले नसताना पडद्यावरचा वाऱ्याचा वेग उडी मारतो. हजारो फुटांवर उडत असताना जमीन जवळ आल्याचा इशारा वाजू लागतो, कारण यंत्रणेला वाटते की विमान एखाद्या डोंगराळ भागावर आहे. विमानातील जडत्वावर चालणारी यंत्रणा आणि जीपीएस यांनी दिलेल्या जागांत फरक पडत जातो. पण काही विमानांत जीपीएस या यंत्रणेलाही सतत दुरुस्त करत असते. तिथे खोटी माहिती तिच्यातही झिरपते आणि साक्ष द्यायला कोणी उरत नाही.

अशा वेळी सर्वात साधी तपासणी म्हणजे जवळच्या व्हीओआर-डीएमईची फ्रिक्वेन्सी लावायची आणि नकाशावर दिसणारे अंतर व दिशा तिच्याशी जुळते का ते पाहायचे. जुळले नाही, तर बीकनवर विश्वास ठेवायचा.

आता दिल्लीकडे येणारे एखादे विमान डोळ्यांसमोर आणा. धावपट्टी १० पासून ते दहा सागरी मैलांवर आहे, उंची तीन हजार फुटांच्या आसपास. आरएनपी मार्ग सुरू आहे आणि जीपीएस भरकटले. पडद्यावर सूचना येते की ठरलेली अचूकता राखता येत नाही. स्वच्छ हवा असेल आणि धावपट्टी समोर दिसत असेल, तर नियंत्रकाच्या परवानगीने वैमानिक डोळ्यांनी पाहून उतरू शकतो. नोव्हेंबरच्या दिल्लीतील धुरक्यात ती दिसेलच असे नाही. मग उतरणे सोडून वर जायचे, रडारवर बसलेल्या नियंत्रकाकडून दिशा घ्यायच्या, आणि दुसऱ्या धावपट्टीची आयएलएस मिळेपर्यंत घिरट्या घालायच्या. इंधन ठरावीक पातळीच्या खाली जाण्याआधी निर्णय घ्यायचा आणि जयपूर गाठायचे. आयएलएस चालू असती, तर वैमानिकाने तिची फ्रिक्वेन्सी लावली असती आणि विमान बहुधा वेळेत उतरले असते. म्हणजे सुरक्षेचे थर शाबूत होते. मोडले ते वेळापत्रक.

टार्टूला पर्यायच नव्हता

दिल्लीला निदान दुसऱ्या धावपट्ट्या होत्या. एस्टोनियातील टार्टू या छोट्या शहराची गोष्ट वेगळी. रशियाच्या सीमेपासून जवळ असलेल्या या विमानतळावर फिनएअरचे हेलसिंकीहून येणारे विमान वापरायचे ते उतरण्याचे मार्ग केवळ जीपीएसवर चालत होते. एप्रिल २०२४ च्या अखेरीस लागोपाठ दोन दिवस, हस्तक्षेपामुळे विमानाला टार्टूवरून हेलसिंकीला परतावे लागले. त्यानंतर फिनएअरने ही सेवा महिनाभर थांबवली. जीपीएसशिवाय उतरता येईल असा मार्ग तयार होईपर्यंत थांबतो, असे कंपनीने सांगितले. जूनमध्ये सेवा पुन्हा सुरू झाली ती जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेवर आधारित मार्ग आल्यावर.

काटकसर म्हणून बीकन पूर्णपणे सोडले, तर नेमके काय होते याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

किती बीकन ठेवायचे?

अमेरिकेने याचे उत्तर आकड्यांत दिले आहे. तिथे जवळपास ९०० व्हीओआर होते. ते टप्प्याटप्प्याने सुमारे ५९० वर आणायचे ठरले. कोणते ठेवायचे याचा निकष असा की देशाच्या मुख्य भूभागात जीपीएस गेले, तरी विमानाला १०० सागरी मैलांच्या आत एखादा असा विमानतळ मिळावा, जिथे जीपीएसविना उतरता येते. या जाळ्याला ‘मिनिमम ऑपरेटिंग नेटवर्क’ म्हणतात. भारतातही पारंपरिक यंत्रणांचे असे किमान जाळे ठेवले असल्याचे मंत्र्यांनी डिसेंबरमधील उत्तरात सांगितले.

म्हणजे सगळे बीकन सारख्याच वेगाने जात नाहीत. एनडीबी जवळपास संपत आले आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी रडत नाही. व्हीओआर कमी होत आहेत, पण शून्यावर येणार नाहीत. मोठ्या विमानतळांवरची आयएलएस राहणारच, कारण दाट धुक्यात उतरण्याचे काम आज मुख्यतः तीच करते. आणि डीएमईचे जाळे तर अमेरिकेत वाढवले जात आहे. कारण वर आलेच आहे : मोठ्या प्रवासी विमानांचे संगणक दोन डीएमईंच्या अंतरांवरून जागा काढून, आरनॅव मार्गांवर उपग्रहांशिवायही उडू शकतात. छोट्या विमानांत मात्र ही सोय सहसा नसते. त्यांच्यासाठी जीपीएस गेले की उरतात व्हीओआर आणि रडारवरचा नियंत्रक.

भारतातील चित्र सीमेवर जास्त गंभीर आहे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, जीपीएस हस्तक्षेपाच्या ४६५ घटना नोंदवल्या गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. तो संघर्षाच्या पट्ट्यातला प्रकार म्हणून सोडून देता येत होता. राजधानीच्या विमानतळाबाबत तसे म्हणता येईना. नोव्हेंबर २०२५ मध्येच डीजीसीएने आदेश काढला की जीपीएसमध्ये काही असामान्य दिसले तर वैमानिक, नियंत्रक किंवा तांत्रिक विभागाने दहा मिनिटांच्या आत कळवायचे. वेळ, मार्ग, जागा आणि हस्तक्षेपाचा प्रकार हे सगळे त्यात द्यायचे. खोटा संकेत कुठून येतो हे शोधायला अशा अनेक विमानांच्या नोंदी एकत्र लागतात, कारण प्रत्येक विमान तो थोडा वेगळ्या जागेवरून ‘ऐकते’. दिल्लीतला स्रोत शोधण्यासाठी सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनची मदत घेतली गेली.